साफसफाईचे साडेअकराशे

एकाच भांडणाच्या दोन्ही बाजू एकाच टायपिस्टकडे याव्यात, हे त्या टायपिस्टचं दुर्दैव. माझ्या बाबतीत ते एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात घडलं, आणि त्या आठवड्यात माझं डोकं जेवढं फिरलं तेवढं आजवर कधी फिरलेलं नाही.

माझं दुकान नेरूळला, सेक्टर सहात, सारसोळे गावाच्या तोंडाशी. टायपिंग, झेरॉक्स आणि कोपऱ्यात काचेची एसटीडी-आयएसडीची केबिन. मी मूळचा साताऱ्यातल्या कोरेगावकडचा. नंदकुमार हे नाव पाटीवर आहे, पण गावात सगळे मला 'टायपिंगवाला' म्हणतात. माझ्या दुकानाच्या पाठीमागची गल्ली थेट गावात शिरते, आणि त्या गल्लीतलं तिसरं घर पुतळाबाईचं. ही गोष्ट तिची आहे. मी त्यात मध्येच लुडबुडलेलो.

पुतळाबाई जातीची कोळीण. लग्न होऊन सारसोळ्यात आली तेव्हा इथे खाडी, मिठागरं आणि भातशेती एवढंच होतं, असं ती सांगते. तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन तिने मासळी विकली. मग जमिनी गेल्या, इमारती आल्या, नवरा वामन गेला, आणि हातात आलेल्या पैशातून तिने दुमजली घर बांधलं. खाली स्वतः, मुलगा कुंदन आणि सून सुचिता. वर पाच खोल्या, कॉलेजच्या मुलांना भाड्याने.

बाईला लिहिता-वाचता येत नाही, पण कोणत्या मुलाचं भाडं किती तारखेला आलं ते तिला तोंडपाठ. तोंड मात्र फाटकं. महिना पाच तारखेच्या पुढे गेला की जिन्याखाली उभी राहून ती जे बोलायची ते माझ्या दुकानात ऐकू यायचं. पण एक गोष्ट तिच्या वैऱ्यानेही कबूल केली असती. ती कुणाचा पैसा खायची नाही. एक केरळचा मुलगा घड्याळ विसरून गेला, तर दोन वर्षं ते तिने तांदळाच्या डब्यात ठेवलं आणि तो पदवी न्यायला परत आला तेव्हा त्याच्या हातावर ठेवलं. घड्याळात तांदळाचा एक दाणा अडकला होता म्हणतात.

म्हणूनच त्या मंगळवारी डॅनियल ओचिएंग माझ्या दुकानात कागद घेऊन आला, तेव्हा मला आधी विश्वासच बसेना.

डॅनियल केनियाचा. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकायला आलेला. उंच, शांत, चष्मेवाला, कपड्यांना कडक इस्त्री. पुतळाबाईच्या माडीवरच्या कोपऱ्यातल्या खोलीत तीन वर्षं राहिला. ती त्याला 'दान्या' म्हणायची. त्याचं गाव मोठ्या तळ्याकाठी, आणि घरचे मासे धरणारे. त्यामुळे सुकं-ओलं काहीही चालायचं. बाकीची पोरं वासाने नाक मुरडायची तेव्हा हा तिच्या अंगणात बसून बोंबील पालथे करायचा. शेवटची परीक्षा झाली, रविवारी त्याने खोली सोडली आणि सेक्टर दहात एका मित्राकडे मुक्काम हलवला. पुढच्या रविवारी त्याचं विमान होतं.

त्याने माझ्यासमोर कागद ठेवला. छापील नमुना होता, 'खोली सोडतानाचा हिशेब'. खाली कुंदनची सही. अनामत सहा हजार. वजा: वीज दोनशे पंच्याऐंशी, रंगकाम चारशे, मोडतोड (मोरीचा नळ) पासष्ट, साफसफाई साडेअकराशे. एकूण वजा एकोणीसशे. परत चार हजार शंभर. ती रक्कम त्याने घेतली होती, पण सहीजवळ इंग्रजीत लिहिलं होतं, 'बाकी वजावटीला माझी हरकत आहे'. पोरगा कच्चा नव्हता.

"मला पत्र टाइप करायचंय," तो इंग्रजीत म्हणाला. "प्रत्येक वजावटीचा तपशील द्या, बिल दाखवा."

मी कागद चढवला आणि तो सांगू लागला. विजेचं मीटरचं रीडिंग मान्य. नळ आपल्याच हातून तुटला, मान्य. रंगकाम अमान्य, कारण तीन वर्षांत चुना आपोआप उडतो, ती भाडेकरूने केलेली नासधूस नव्हे. करारात 'येणे रक्कम आणि नुकसान' एवढंच वजा करता येईल असं लिहिलंय, त्यात साफसफाई कुठे आहे? तरीही केली असेल तर कोणी केली, किती दिवस, काय दराने, कोणतं सामान लागलं, ते कळवावं. आपण खोली सोडण्याआधी दोन दिवस स्वतः ती घासली आहे. सोबत खोलीत शिरताना केलेली यादी, कुंदनच्या सहीची. तीन दिवसांत, म्हणजे विमानाच्या आत, उत्तर द्यावं.

मी खूश होऊन टाइप करत होतो. असं मुद्देसूद पत्र आमच्या वकिलांनाही जमत नाही. शिवाय दोन दिवस घासल्याचा मीच साक्षीदार. फिनेलची बाटली त्याने माझ्याच शेजारच्या दुकानातून नेली होती.

मग शेवटी तो थोडा थांबला आणि म्हणाला, "आता हे लिहा. या शहरात याआधी तीन घरमालकांनी मला दारातूनच परत पाठवलं. तुमची माणसं खोली घाण करून जातात, असं तोंडावर सांगितलं. मला वाटलं होतं या बाई वेगळ्या आहेत."

माझी बोटं थांबली. आणि मी शहाणपणा केला. त्याला म्हणालो, "हे काढून टाका. हिशेबाच्या पत्रात भावना नसतात. ज्याचं उत्तर देता येतं तेवढंच विचारायचं. नाहीतर समोरचा याच्यावरच भांडत बसेल आणि पैसे बाजूला राहतील."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "तुम्हाला पद्धत माहीत असेल," म्हणाला. पत्र तेवढं वाक्य सोडून पूर्ण झालं. एक प्रत कुंदनला दिली, कार्बन कॉपीवर त्याची पोच घेतली. मी पानाचे पाच रुपये घेतले. त्या वाक्याचं मोल मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि मला वाटतं टायपिंगच्या धंद्यात वीस वर्षं घालवूनही मी गाढवच राहिलो.

गुरुवारी सकाळी पुतळाबाई आली. कमरेला खोचलेल्या पिशवीतून तेच पत्र बाहेर निघालं.

"नंदू, ह्यो कागद वाच. कुंदन वाचतो तवा मदीच रागावतो. मना अर्दा कळतो, अर्दा नाय."

मी माझंच पत्र मराठीत वाचून दाखवलं. चेहरा असा ठेवला, जणू पहिल्यांदाच बघतोय. तिने डोळे बारीक करून ऐकलं. टाइपरायटरकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "तूच लिवलायस ना? तुज्या मशीनचा 'ई' वाकडा उमटतो, कुंदन बोलला."

मी म्हटलं, "मावशी, धंदा आहे."

"असूंदे रं. त्याला बी लिवून देनारा पायजेच." तिच्या मनात खरंच काही नव्हतं. मग ती बोटांवर मोजू लागली. "लाइटचं बरोबर. नळाचं बरोबर. रंगाचं त्याला सोडून दे. तीन वर्सांत चुना कुनाचा टिकलाय? ते कुंदनचं डोकं. चारशे परत."

मला हायसं वाटलं. "आणि साफसफाईचे साडेअकराशे?"

बाईने समोरच्या पत्राची घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

"तो विचारतोय, साफसफाई कोणी केली?"

"कुनी नाय."

"म्हणजे बाई लावून करून घेतली?"

"नाय रं. झालीच नाय. खोलीला कुलूप हाय."

मी टाइपरायटरवरून हात काढले. "मग पैसे कशाचे कापले?"

"ते नाय सांगनार."

"मग उत्तरात लिहू काय?"

"तेच तं इचाराला आले!" ती माझ्यावरच खेकसली. "खोटं लिवायचं नाय. आनि खरं बी लिवायचं नाय. असं काय तरी लिव."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रोजंदारीवरची बाई ऐंशी-नव्वद रुपये घेते. साडेअकराशेत तिने अख्खी गल्ली धुऊन काढली असती. आणि इथे खोलीला साधा झाडूही लागलेला नाही, हे मालकीण स्वतःच्या तोंडाने सांगतेय. मी तिला समजावलं, मावशी, पोरगा कॉलेजात जाईल, परदेशी मुलांचं बघणारे साहेब असतात तिथे. त्यांनी तुमचं घर काळ्या यादीत टाकलं की वरच्या पाचही खोल्या रिकाम्या राहतील. ती ऐकत होती. पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

"खोल्या गेल्या तं गेल्या," ती शेवटी म्हणाली. "पन मंगलवारपर्यंत मी नाय बोलनार. तवर तो घरी पोचला पायजे."

म्हणजे पोरगा विमानात बसेपर्यंत टाळाटाळ करायची, आणि मग कोण विचारायला येतंय? मी असाच अर्थ लावला. मला बाईचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा, कारण इतकी वर्षं मी हिच्या सचोटीच्या गोष्टी गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो. ते तांदळाच्या डब्यातलं घड्याळसुद्धा मला खोटं वाटू लागलं. ती गेली तेव्हा मी तिच्याकडून वाचनाचे पैसे मागितले. एरवी कधी मागत नसे. तिने मुकाट्याने दोन रुपये ठेवले.

शुक्रवारी डॅनियल आला. उत्तर नाही हे कळल्यावर त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, "मी उद्या कॉलेजात तक्रार देतो. पैशासाठी नाही. मला फक्त तो शब्द काढून हवाय." कुठला शब्द, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, 'वजा' म्हणत असेल.

त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. सकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही दोघांची पत्रं लिहिता. दोघांना एकत्र बसवून बोलायला लावत का नाही?" एवढं साधं मला सुचलं नव्हतं. शनिवारी दुपारी मी शटर अर्धं ओढलं, तक्रार द्यायला निघालेल्या डॅनियलला मित्राच्या घरून घेतलं आणि गल्लीत शिरलो.

अंगणात दोरीवर बोंबील वाळत होते. जिन्याखाली एक तांबडा कोंबडा पायाला सुतळी बांधून ठेवलेला. पुतळाबाई विळीवर कैरी चिरत होती, आणि कुंदन बनियनवर पेपर वाचत बसला होता. कुंदन एपीएमसीत कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर लिखापढी करतो. त्याने डॅनियलला बघताच पेपर खाली ठेवला.

"घरी कशाला आनला त्याला? चार हजार घेतले ना त्यानं?"

"बस रं दान्या," बाई म्हणाली आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं. डॅनियल बसला नाही. खिशातून कागद काढून उभाच राहिला. मी दुभाष्या. त्याने एक एक बाब वाचली. वीज मान्य, नळ मान्य. रंगाचे चारशे बाईने आपणहून सोडले. मग साफसफाई.

"कोणी केली?" त्याने विचारलं.

कुंदनने पेपर पुन्हा उचलला. कोंबडा तेवढा ओरडला.

"मी तीन वर्षांत तुम्हाला एकदा तरी घाण दिसलो का?" त्याचा आवाज आता मात्र हलला. मी हे वाक्य मराठीत करायला तोंड उघडलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की शुक्रवारी तो 'साफसफाई' या शब्दाबद्दल बोलत होता.

मग मी माझं पाप सांगितलं. दुसरा इलाज नव्हता. म्हटलं, "मावशी, त्याच्या पत्रात शेवटी एक वाक्य होतं. मी काढायला लावलं. तुमच्याकडे येण्याआधी तीन घरांनी त्याला दारातून हाकललंय. तुम्ही लोक घाण करता म्हणून. तुमच्या कागदावर 'साफसफाई' वाचून त्याला वाटलं, तुम्हीही त्यांच्यातल्याच."

बाईच्या हातातली कैरी खाली पडली. "घान? ह्यो?" ती उठली, तशीच कैरीच्या हातांनी त्याच्यासमोर गेली. "अरे, तुज्या लादीवर मी जेवले असते रं! कुनी सांगितलं तुना?" मग ती कुंदनकडे वळली. "काय लिवलंस तू कागदात?"

कुंदन गोंधळला. "तूच बोललीस साडेअकराशे काप. कशाचे ते लिवू नको बोललीस. मंग मी काय करू? छापील फारम हाय. लाइट, रंग, मोडतोड, साफसफाई. चार रकाने. तीन भरले होते. एकच मोकला होता, त्यात लिवला."

"मोकळा होता म्हणून?" मी विचारलं.

"तं काय! आमच्या गाल्यावर शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी बनवतो, हमाली, तोलाई, सगले छापील रकाने. रकान्याच्या भाईर आकडा लिवला तं शेठ पट्टी फाडतो. आकडा रकान्यातच गेला पायजे."

मी कपाळावर हात मारला. डॅनियलला हे सांगायचं कसं? मी सांगितलं. त्याला अर्धंच कळलं असावं. तो म्हणाला, "ठीक आहे, रकाना चुकला. पण पैसे कशाचे?"

बाईने जिन्याखालच्या कोंबड्याकडे बघितलं. मग खाली बसली. बरंच काही मनात उलटसुलट करून ती बोलू लागली, आणि त्याच्याकडे न बघता बोलली.

गेल्या ऑक्टोबरात डॅनियलला मलेरिया झाला होता. साधा नव्हे, डोक्यात गेलेला. वाशीच्या हॉस्पिटलात आठ दिवस पडून होता. हे मलाही माहीत होतं, कारण केनियाला फोन माझ्याच केबिनमधून गेला होता. बाई रोज डब्यात पेज घेऊन जायची. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलवा. घरचे समुद्रापलीकडे. ती घरी आली ती थेट गावदेवीपुढे उभी राहिली. पोरगा बरा होऊन, परीक्षा देऊन, आपल्या पायांनी घरी गेला तर कोंबडा देईन, साडी-चोळी देईन, पाच नारळ, आणि गावातली पोरं जेवू घालीन.

"ज्याच्यासाटी नवस, त्याचाच पैसा लागतो," ती म्हणाली. "माज्या पैशानं फेडला तं तो त्याच्यावर तसाच ऱ्हातो. आनि फिटला नाय तवर त्याला सांगायचा नाय. तो घरी पोचला की मंगलवारी फेडनार होते. मंग पत्र पाठवून सांगनार होते, तुज्या हातून."

मी भाषांतर करताना दोनदा अडखळलो. नवसाला इंग्रजीत शब्द आहे, पण तो तोंडात घेतला की कोर्टातला वाटतो. डॅनियलने सगळं ऐकून घेतलं आणि सवयीनं, त्याचा स्वभावच तसा, म्हणाला, "तपशील?"

मी त्याच छापील कागदाच्या पाठीमागे लिहिलं. ती सांगत गेली. कोंबडा एकशे साठ. साडी-चोळी तीनशे पंच्याहत्तर. नारळ पाच, चाळीस. हळद-कुंकू, फुलं, अगरबत्ती पंचवीस. तांदूळ, मसाला, तेल, पोरांच्या जेवणाचं साडेपाचशे. मी बेरीज केली. बरोबर साडेअकराशे. आत जाऊन तिने हिरव्या साडीचं पाकीट आणलं. त्याला दुकानाचं बिल टाचणीने लावलेलं होतं. "ह्यो घे तुजा बिल. कोंबड्याचा बिल नसतो, त्यो हाय तिथं बांधलेला."

मला वाटलं आता पोरगा हसेल, गळ्यात पडेल, आणि मी शटर उघडायला जाईन. तसं काही झालं नाही. डॅनियल पायरीवर बसला आणि डोकं हातात धरलं.

"तुम्ही मला विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "माझे वडील चर्चमध्ये प्रवचन देतात. त्यांच्या मुलाच्या पैशाने देवीला कोंबडा? मी त्यांना काय सांगू? मी हे मान्य करू शकत नाही, मावशी. आणि तुम्ही माझ्यासाठी केलंत ते नको, असंही म्हणू शकत नाही. मला काही समजत नाही."

मलाही समजत नव्हतं. हे दोघं चांगले, मग चुकलं कोण? कुंदन छताकडे बघत होता. बाईचा चेहरा उतरला होता. ती पैशाला भीत नव्हती. नवस अर्धवट राहिला तर पोराला काही होईल याची तिला भीती होती, उद्या विमान आणि मध्ये अख्खा समुद्र.

"सगले परत दे त्याला," ती कुंदनला म्हणाली. "न इचारता घेतला तं तो नवस नाय, चोरी हाय. देवीचं मी बघीन."

कुंदनने आतून पैसे आणले. पंधराशे पन्नास. रंगाचे चारशे धरून. डॅनियलने मोजले. मग त्यातून त्याने एकशे साठ बाजूला काढले आणि माझ्याकडे वळून, अगदी पत्र सांगावं तसं सावकाश सांगितलं.

"त्यांना सांगा. आमच्या घरी आजारी माणसाची सेवा कोणी केली, तर बरा झालेला माणूस सेवा करणाऱ्याला कोंबडी नेऊन देतो. माझ्या आजीने दिलेली मी पाहिलीय. मी यांना दिली नाही, मला लाज वाटते. हे त्या कोंबड्याचे पैसे. देवीला नाही, यांना. एकदा कोंबडा त्यांचा झाला की त्याचं त्यांनी काय करायचं, ते मी विचारणार नाही."

मी सांगितलं. बाईने पैसे दोन्ही हातांनी घेतले आणि कपाळाला लावले. "कोंबडा पोराचा झाला तं बास. बाकीचं माजं. देवी येवढी काय हिशेबी नाय."

"आता तो शब्द," डॅनियल म्हणाला. "तो खोडल्याशिवाय मी सही करणार नाही."

मी पेन काढलं. बाईने ते माझ्या हातातून घेतलं. "कुटं लिवलंय, दाकव." तिला अक्षर ओळखू येत नव्हतं. डॅनियलने आपल्या उंचीवरून वाकून त्या रकान्यावर बोट ठेवलं. तिने पेन विळ्यासारखं मुठीत धरलं आणि त्या शब्दावर रेघ ओढली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कागद फाटला. मग ती म्हणाली, "आनि ऐक. साफसफाई कशी करनार होते मी? तू गेल्यापासून तुज्या खोलीत झाडू घातला नाय. कुलूप लावून ठेवलंय."

"का?" त्याने विचारलं.

मी उत्तर दिलं, कारण हे मला साताऱ्याकडचंही ठाऊक होतं. गुरुवारी ती 'झालीच नाय' म्हणाली तेव्हा ते मला कसं सुचलं नाही, कोण जाणे. घरचं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं, की ते पोचेपर्यंत मागून केर काढत नाहीत. पाहुण्याच्या मागे काढतात, भाडेकरूच्या मागे तर लगेच काढतात. घरच्या माणसाच्या मागे नाही.

हे ऐकून डॅनियलने सही केली. खूप वेळ लावून केली. मग चष्मा पुसला.

रविवारी तो गेला. बुधवारी सकाळी माझ्या केबिनमधला फोन वाजला. आवाज तुटत होता, पैसे वाचवायला तो भराभर बोलत होता. रात्रभराच्या बसने सकाळी घरी पोचलो, आई समोर उभी आहे, मावशींना सांगा. मी दुकान उघडं टाकून गल्लीत धावलो. मंगळवारी नवस फेडायचा म्हणून ती दिवसभर बसून होती, पण पोचल्याचं कळल्याशिवाय तिने कोंबड्याची सुतळी सोडली नव्हती.

"पोचला?" तिने दारातूनच विचारलं.

"पोचला."

तिने कोपऱ्यातला झाडू उचलला, पदर खोचला आणि जिना चढून गेली. मी मागोमाग गेलो. कुलूप काढल्यावर खोलीतून अजून फिनेलचा वास आला. लादी इतकी स्वच्छ होती की केर असा निघालाच नाही. एक आगपेटीची काडी निघाली, एवढंच. तरी ती भिंतीपासून भिंतीपर्यंत, पलंगाच्या खालूनसुद्धा, झाडत राहिली, आणि रडत राहिली.